शंभरातले दोन हेलपाटे

प्रोसेसरला लागणारी माहिती शंभरपैकी अठ्ठ्याण्णव वेळा हाताशीच सापडते म्हटल्यावर त्याचं काम झपाट्यानं उरकत असणार, असंच कोणालाही वाटेल. पण हाच प्रोसेसर आपला सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ नुसता वाट पाहण्यात घालवत असू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला शाळेतला गुणाकार पुरतो.

प्रोसेसरचं काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालतं. त्या एका ठोक्याला सायकल म्हणतात. २ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला २ अब्ज सायकल होतात, म्हणजे एक सायकल अर्ध्या नॅनोसेकंदाची. एक सूचना पुरी व्हायला सरासरी जितक्या सायकल लागतात, तो आकडा म्हणजे सीपीआय. मेमरीकडून कधीच खोळंबा झाला नाही, तर आपल्या उदाहरणातल्या प्रोसेसरचा सीपीआय १ आहे असं धरू. हा झाला मूळ सीपीआय.

खोळंबा होतो, कारण मुख्य मेमरी प्रोसेसरच्या मानानं फार संथ आहे. तिथून माहिती यायला ५० नॅनोसेकंद लागले, तरी तेवढ्यात या प्रोसेसरच्या १०० सायकल उलटतात. म्हणून मध्ये एक छोटी पण चपळ मेमरी ठेवतात, तिला कॅश म्हणतात. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा ओट्यावर असतो आणि बाकी सामान वाण्याकडे, तसाच हा प्रकार. ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोट्या निबंधात मांडली, आणि १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती बाजारात आली. हवी ती गोष्ट कॅशमध्ये सापडली नाही, तर त्याला मिस म्हणतात. मिस झाली, की मुख्य मेमरीपर्यंत हेलपाटा घालावाच लागतो.

आता एक सूचना मेमरीकडे किती वेळा जाते, ते पाहू. पहिली फेरी ठरलेलीच, कारण सूचना स्वतःच मेमरीत असते आणि ती आधी आणावी लागते. त्याशिवाय काही सूचनांना आकडे वाचायचे किंवा लिहायचे असतात. अशा सूचना शंभरात तीस असतील, तर दर सूचनेमागे मेमरीच्या १.३ फेऱ्या पडतात. ही पहिली फेरी हिशोबातून निसटली, की पुढचं उत्तर हमखास चुकतं.

हजार सूचनांचा हिशोब मांडू. हजार सूचना आणायला हजार फेऱ्या. त्यांतल्या १ टक्का मिस धरल्या, तर १० हेलपाटे. डेटाच्या ३०० फेऱ्या. डेटा जास्त विखुरलेला असतो, म्हणून तिथे ५ टक्के मिस धरू, म्हणजे १५ हेलपाटे. एकूण १,३०० फेऱ्यांपैकी २५ फसल्या. हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पण प्रत्येक हेलपाट्याला १०० सायकल जातात, तेव्हा २५ हेलपाट्यांत २,५०० सायकल गेल्या. मूळ काम अवघ्या १,००० सायकलचं होतं. एकूण झाल्या ३,५००. हजारानं भागलं, की दर सूचनेमागे खोळंब्याच्या अडीच सायकल आणि प्रत्यक्षातला सीपीआय ३.५ येतो. ३,५०० पैकी २,५०० सायकल, म्हणजे ७१ टक्के वेळ, वाट पाहण्यात गेला.

सूत्र एवढंच आहे:

खोळंबा दर सूचनेमागे = फेऱ्या दर सूचनेमागे × मिसचं प्रमाण × एका मिसचा दंड

सूचना आणि डेटा यांचा गुणाकार वेगवेगळा करायचा, दोन्हींची बेरीज मूळ सीपीआयमध्ये मिळवायची. मिसचं प्रमाण एकटं पाहिलं, की ते क्षुल्लक वाटतं. शंभरानं गुणल्यावर त्याचं खरं वजन कळतं.

आता घड्याळ दुप्पट वेगवान करू. प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झचा झाला, पण मेमरी होती तीच, तिला अजूनही ५० नॅनोसेकंद लागतात. सायकल मात्र निम्म्या लांबीची झाली, म्हणून दंड १०० ऐवजी २०० सायकल झाला. २५ हेलपाट्यांच्या ५,००० सायकल आणि मूळ १,००० मिळून ६,००० झाल्या. सीपीआय ३.५ वरून ६ वर गेला. वेळेत मोजायचं, तर आधी १,७५० नॅनोसेकंद लागत होते, आता १,५०० लागतात. वेग दुप्पट करूनही पदरात पडली ती जेमतेम १७ टक्के वाढ. वुल्फ आणि मॅकी या संशोधकांनी १९९५ साली ज्या ‘मेमरीच्या भिंती’चा इशारा दिला होता, ती हीच.

त्याऐवजी जुनाच प्रोसेसर ठेवून डेटाच्या मिस ५ वरून २ टक्क्यांवर आणल्या, तर? १५ हेलपाट्यांचे ६ होतात, एकूण १६. खोळंबा १,६०० सायकलचा, सीपीआय २.६, वेग सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. नवं यंत्र न घेता दुप्पट घड्याळाहून मोठा फायदा झाला.

हे घडतं कसं, ते एका लहान उदाहरणात दिसतं. सी भाषेत कोष्टकाची एक ओळ मेमरीत सलग मांडलेली असते.

```c
for (i = 0; i < n; i++)
    for (j = 0; j < n; j++)
        sum += a[i][j];
```

मिस झाली, की कॅश एकटा आकडा आणत नाही, बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटचा सलग तुकडा आणते. आकडा ८ बाइटचा असेल, तर एका हेलपाट्यात आठ आकडे येतात आणि पुढचे सात आयते मिळतात. वरच्या दोन ओळींची अदलाबदल केली, की तीच बेरीज स्तंभाच्या क्रमानं होते. कोष्टक मोठं असेल, तर प्रत्येक आकड्यासाठी नवा तुकडा लागतो, आणि बाकीचे सात वापरायची वेळ येईपर्यंत तो कॅशमधून बाहेर गेलेला असतो. उत्तर तेच, सूचनाही जवळपास तेवढ्याच, पण मिस आठपट.

या हिशोबाला एक मर्यादा आहे. मिस झाली की प्रोसेसर हात बांधून उभा राहतो, असं तो धरून चालतो. आजचे बहुतेक प्रोसेसर तेवढ्या वेळात पुढच्या सूचना उरकतात, अनेक मिस एकदम हाताळतात, लागणारा डेटा अंदाजानं आधीच मागवतात. शिवाय कॅशचेही दोन-तीन थर असतात. पहिल्या थरात न सापडलेलं पुष्कळदा दुसऱ्यात मिळतं, तिथला दंड बराच कमी असतो. म्हणून सूत्राचं उत्तर ही खोळंब्याची वरची मर्यादा समजावी.

खरा आकडा मोजता येतो. लिनक्सवर:

```
perf stat -e cycles,instructions,cache-references,cache-misses ./program
```

सायकलना सूचनांनी भागलं, की प्रत्यक्षातला सीपीआय मिळतो. तिथेच मिसची टक्केवारीही दिसते, आणि ती कधी चाळीस असते. ती थेट सूत्रात घालू नये. अनेक प्रोसेसरांवर ती कॅशच्या शेवटच्या थरापर्यंत पोहोचलेल्या फेऱ्यांपैकीच असते. आधीच्या थरांत भागलेल्या असंख्य फेऱ्या तिच्या छेदात नसतात. त्यापेक्षा दर हजार सूचनांमागे किती मिस झाल्या, ते काढावं. छेदाचा घोळच मिटतो, आणि त्या संख्येला दंडानं गुणलं, की हजार सूचनांमागे जास्तीत जास्त किती सायकल मुख्य मेमरीच्या खोळंब्यात गेल्या, ते समोर येतं. ती संख्या लहान असूनही सीपीआय मोठा असेल, तर दोष मुख्य मेमरीचा नसावा, शोध दुसरीकडे घ्यावा.