नऊ-तीन-तीन-एक येते कुठून?

मेंडेलच्या वाटाण्यात गोल बीचे R प्रभावी, सुरकुतलेल्या बीचे r अप्रभावी. Rr × Rr या एकसंकरात प्रत्येक युग्मकात एकच अक्षर जाते. म्हणून चौकोनाच्या कडांवर R आणि r मांडायचे:

| | R | r |
|---|---|---|
| R | RR | Rr |
| r | Rr | rr |

जनुकांचे गुणोत्तर 1:2:1 आले. पण Rr बीही गोलच दिसते, त्यामुळे डोळ्यांना दिसते ते 3:1.

द्विसंकरात रंगाची भर पडते: पिवळा Y प्रभावी, हिरवा y अप्रभावी. RrYy ची युग्मके लिहितानाच गृहपाठ हमखास चुकतो. कडेवर Rr किंवा Yy दिसले की चूक तिथेच समजावी. प्रत्येक जोडीतले एकेकच अक्षर घ्यायचे: RY, Ry, rY, ry. चौकोन सोळा घरांचा होतो. घरे मोजण्यापेक्षा गुणाकार सोपा. गोल 3/4, पिवळे 3/4, म्हणून गोल-पिवळे 9/16. याच रीतीने गोल-हिरवे 3/16, सुरकुतलेले पिवळे 3/16 आणि सुरकुतलेले हिरवे 1/16.

मेंडेलला 556 बियांत याच क्रमाने 315, 108, 101 आणि 32 मिळाल्या. हिशेबाने सुमारे 313, 104, 104 आणि 35 यायला हव्या होत्या. मात्र दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली, तर ती बहुधा एकत्रच पुढे जातात आणि 9:3:3:1 जुळत नाही.