फ्रीज, गिरणी आणि शटर : नव्या दुकानदारांशी थोडे बोलणे



बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या भागांत आपल्या अनेक तरुण कुटुंबांनी अलीकडे लहानसहान दुकाने थाटली आहेत. कोणी किराणा विकतो, कोणी थंड पेये ठेवतो, कोणी दुकानामागे मिरची-मसाल्याची गिरणी चालवतो. भांडवल, उधारी आणि नफा यांविषयी त्यांना सल्ला देणारे पुष्कळ असतात. परंतु दुकानात आलेल्या ग्राहकाला किंवा दुकानात राबणाऱ्या माणसाला इजा झाली तर भार कोणावर पडतो, हे सहसा कोणी सांगत नाही. हा विषय मोठा आहे. येथे मी त्यातील एकाच धाग्याविषयी, म्हणजे वीज आणि आग यांविषयी, लिहिणार आहे; कारण लहान दुकानात जीव जातो तो बहुधा याच मार्गाने.

प्रथम दारातल्या फ्रीजकडे पाहू. थंड पेयांचा फ्रीज दुकानाच्या तोंडाशी, अर्धा पावसात व अर्धा पत्र्याखाली उभा असतो. त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन कोणीतरी काढलेली असते, किंवा भिंतीतील सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. आतील एखाद्या तारेचे वेष्टण झिजले की फ्रीजचा लोखंडी सांगाडा विद्युतभारित होतो. उन्हाळ्यात चपला घातलेल्या माणसाला बोटाला केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते, आणि दुकानदार हसून म्हणतो, "जरा करंट मारतो, रबराच्या चपला घालून उघडा." जून महिन्यात अनवाणी, ओल्या पायांनी एक लहान मूल तोच दरवाजा उघडते. मुंग्या येणे ही पूर्वसूचना होती. ती मिळूनही दुकानदाराने काही केले नाही, हेच पुढे न्यायालयात त्याच्या विरोधात जाते.

"फ्रीज माझा नाही, कंपनीने ठेवला आहे," असे उत्तर अनेकांच्या जिभेवर तयार असते. ते पुरेसे नाही. जागा आणि वीजजोडणी तुमच्या ताब्यात आहे, आणि ग्राहकाला तुम्हीच दरवाजा उघडायला सांगितले आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडला असे ठरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा वेगळा चालतो.

यावर उपाय कोणता? अनेकांना वाटते की बोर्डावरील एमसीबी आपले रक्षण करील. ते खरे नाही. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्याहून अधिक प्रवाह वाहू लागल्यावरच पडते. माणसाच्या हृदयाला मात्र एका अँपिअरचा अगदी लहान अंशही घातक ठरतो. त्यासाठी निराळे उपकरण लागते. आपल्याकडील वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. पाकिटावर बहुधा आरसीसीबी असे लिहिलेले असते. फेज तारेतून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे ते सतत तपासत असते. ३० मिलिअँपिअरएवढा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने जमिनीत जाऊ लागला, की ते निमिषार्धात वीज तोडते. घेताना ३० मिलिअँपिअरचेच मागावे. बाजारात १०० आणि ३०० चेही मिळतात, पण ती माणसाला वाचवण्यासाठी नसतात. दुकानभरासाठी असे एक उपकरण बसवण्याचा खर्च थंड पेयांच्या काही क्रेटएवढा आहे.

या उपकरणाच्याही मर्यादा आहेत. माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले, तर उपकरणाला काहीच कळत नाही. ते अतिभारावर पडत नाही, म्हणून एमसीबीही हवीच. ते बसवल्यावर वारंवार पडू लागले तर दोष बहुधा फ्रीजमध्ये, गिरणीत किंवा शेजाऱ्याशी जोडलेल्या न्यूट्रलमध्ये असतो. अशा वेळी "हे फार त्रास देते" म्हणून ते काढून टाकणारे वायरमन मी पाहिले आहेत. उपकरण आपले काम करीत असते. काढायचा असतो तो दोष. त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज गेली तर ते जिवंत आहे; गेली नाही तर त्याच दिवशी बदलावे.

ईएलसीबीच्या जोडीला अर्थिंग हवे. अर्थिंग असेल तर दोष उत्पन्न होताच वीज तुटते. नसेल तर कोणीतरी हात लावल्यावरच तुटते. बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यात येथे एक विशेष अडचण आहे. लोखंडी पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरून केलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण सुकतो, आणि सुकलेली माती प्रवाह वाहू देत नाही. खड्डा केला तेव्हा उत्तम असतो, दोन उन्हाळ्यांनंतर तो नावापुरता उरतो. उन्हाळ्यात दर आठवड्याला पाइपाच्या तोंडात बादलीभर पाणी ओतावे. वापरलेले पाणीही चालते. खड्डा काम देतो की नाही, हे वायरमन फेज आणि अर्थिंग यांमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहतो. बल्ब मंद जळला किंवा जळलाच नाही, तर खड्डा कुचकामी आहे. ईएलसीबी असेल तर याच चाचणीत ती पडली पाहिजे. ही चाचणी आपण स्वतः करू नये.

याच संदर्भात विक्रीच्या मालाविषयी थोडेसे. पाणी तापवण्याचा सुटा रॉड, ज्याच्यावर ना आयएसआयचे चिन्ह ना उत्पादकाचे नाव, तो पुष्कळ दुकानांत टांगलेला दिसतो. या वस्तूला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ नुसार, उत्पादक कोण हे कळू शकत नसेल तर सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीचे उत्तरदायित्व विकणाऱ्यावर येऊ शकते. तेव्हा विनानावाचा माल ठेवू नये आणि घाऊक व्यापाऱ्याचे बिल फाइलमध्ये लावून ठेवावे. उद्या बोट दाखवण्यासाठी तुमच्याजवळ तेवढाच कागद असतो.

आता कामगाराकडे वळू. ग्राहकाच्या बाबतीत दुकानदाराचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा त्याहून कडक आहे: कामामुळे व काम चालू असताना अपघात झाला, एवढे पुरते, चूक कोणाची हे पाहिले जात नाही. हा कायदा १९२३ पासून होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली. भरपाईचे सूत्र मूलतः तेच राहिले. विजेवर दळणे, कांडणे, तळणे असे उत्पादन चालते अशा जागा यात येतात. निव्वळ विक्रीच्या दुकानाबाबत संहितेच्या सूचीतील नोंद पाहावी लागते. परंतु निष्काळजीपणाचा दिवाणी दावा तेथेही होतोच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मसाल्याच्या गिरणीवर पंचवीस वर्षांचा युवक दरमहा १२,००० रुपये पगारावर काम करतो. गिरणीच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरून तो दगावला. त्याच्या पगाराचा अर्धा भाग, म्हणजे ६,००० रुपये, घ्यावा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावे. पंचवीस वर्षांसाठी तो अंक २१६.९१ आहे. गुणाकार होतो १३,०१,४६० रुपये. ही रक्कम महिन्याभरात दिली नाही, तर वर्षाला किमान बारा टक्के व्याज लागते. विलंबाला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. त्यामुळे वर्षभर टाळाटाळ करणाऱ्याच्या माथी केवळ व्याजाचेच सुमारे १,५६,००० रुपये वाढतात.

"तो प्यायलेला होता," किंवा "मी सांगूनही त्याने पट्ट्यावरची जाळी काढली," हे बचाव लहान इजांत ऐकले जातात. मृत्यू झाला असता चालत नाहीत. "काही झाले तर मालक जबाबदार नाही," असे स्टँपपेपरवर लिहून घेण्याची पद्धतही मी ऐकली आहे. असा करार कायद्याने निरर्थक आहे. स्टँपचे पैसे तेवढे जातात. आणि चौदा वर्षांखालील मुलाला तर कामावर ठेवणेच गुन्हा आहे, मग तो नात्यातला शेजाऱ्याचा मुलगा असला तरी.

शेवटी शटरविषयी. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण मृत्युमुखी पडले. अवघ्या तीन महिन्यांनी, ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे, त्याच शहराच्या छावणी भागात तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या नसतील, परंतु धूर पोहोचला आणि तेथे झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा गुदमरून मृत्यू झाला. मुंबईत साकीनाक्याच्या खैराणी रोडवर १८ डिसेंबर २०१७ रोजी फरसाणाच्या दुकानात बारा कामगार गेले, तेही पहाटेच.

तिन्ही ठिकाणी वेळ पहाटेची आणि माणसे झोपेत. धुराने झोपलेला माणूस जागा होत नाही, तो अधिक गाढ बेशुद्ध होतो. म्हणून राखणीला ठेवलेल्या मुलाला आत झोपवून बाहेरून कुलूप लावण्याची आपल्याकडील रीत सोडून द्यावी. लोखंडी शटर तापले की आतून उचलत नाही, आणि किल्ली मालकाच्या घरी असते. मागचे दार असेल तर त्यासमोर पोती व तेलाचे डबे रचू नयेत. त्याची कडी आतून, किल्लीशिवाय उघडणारी असावी. फ्रीजची लाइन वेगळी करून घ्यावी, म्हणजे दुकान बंद करताना बाकीचा मेन स्विच पाडता येतो. ई-स्कूटरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नये, कारण जिना हीच वरच्यांची एकमेव वाट असते. बॅटरीवर चालणारा धुराचा भोंगा वरच्या मजल्याच्या छताला लावावा. त्याची किंमत एका चांगल्या कुलपाएवढीच असते.

विम्याविषयी एवढेच. दुकानाची पॉलिसी घेताना आग आणि चोरी यांपुरती घेऊ नका. त्यात त्रयस्थाप्रति उत्तरदायित्व आणि कामगार भरपाई हे दोन विभाग आहेत का, ते एजंटाला विचारा आणि कागदावर पाहा. कामगाराच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला वीस रुपये जातील अशी व्यवस्था करून द्या. अठरा ते सत्तर वर्षे वयापर्यंत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. ती रक्कम त्याच्या कुटुंबाची. वरील तेरा लाखांतून ती वजा होत नाही. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस कापला जातो, तेव्हा त्या सुमारास खात्यात तेवढी शिल्लक असल्याची खात्री करून घ्यावी.