‘प्रशांत’ नावाचा ग्राहक आम्हाला कधी भेटलाच नाही

हा भाग ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, किंवा बसच्या आवाजात अर्धाच ऐकू आला, त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मी एका सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. कृषी सेवा केंद्रांसाठी, म्हणजे खत-बियाणं-औषधांच्या दुकानांसाठी, आम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो. ग्राहक बहुतेक कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले. वर्षाचं लायसन्स असतं आणि दर वर्षी ते रिन्यू करावं लागतं. गेल्या वर्षी रिन्यू न करणाऱ्या दुकानांचा आकडा आला ५९. आमच्या आकाराच्या कंपनीत ५९ दुकानं गेली की पुढचे पगार कसे निघणार, याचा विचार करावा लागतो.

त्या वेळी आमच्याकडे एक पर्सोना होता. पर्सोना म्हणजे एका प्रकारच्या ग्राहकाचं नाव-गाव देऊन लिहिलेलं चित्र. सगळ्या टीमच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असावा, हा त्यामागचा हेतू. ॲलन कूपर या अमेरिकन सॉफ्टवेअर डिझायनरनं १९९९ च्या पुस्तकात ही पद्धत मांडली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. आमच्या पर्सोनाचं नाव होतं प्रशांत. वय २८, बीएस्सी ॲग्री, हातात कायम मोबाईल, सगळं ॲपवर हवं. त्याच्यासाठी मी पाच महिने मोबाईल ॲप लिहिलं. ॲप चाललं, वापरलं कुणी नाही. कारण प्रशांत आम्ही एका दुपारी चहा पिता पिता बनवला होता. खरं सांगायचं तर तो आमच्यासारखाच दिसत होता.

मग सरांनी मला तीन आठवडे दिले. म्हणाले, “खरे ग्राहक कोण आहेत ते शोध, मग ॲपचं ठरवू.”

सुरुवात विक्रीच्या नोंदींपासून केली. आमच्या बिलांच्या एक्सेलमध्ये १८६ नावं होती, पण १८६ दुकानं नव्हती. एकाच मालकाच्या दोन शाखा, एक बिल वडिलांच्या नावावर तर पुढच्या वर्षी मुलाच्या, कुठे ‘कृषी’ लिहिलंय तर कुठे ‘ॲग्रो’. नावावरून जुळवत बसलं तर वेड लागेल. इथे जीएसटी नंबर कामाला येतो. त्याची १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. नंबर बी कॉलममध्ये असेल तर पॅन वेगळा काढायला एवढंच लागतं:

```
=MID(B2,3,10)
```

पॅन सारखा म्हणजे मालक एकच. ज्यांच्याकडे जीएसटी नंबर नव्हता, ते मोबाईल नंबरवरून जुळवले. वडील-मुलगा प्रकरण मात्र फोन करूनच सुटलं, कारण तिथे पॅन वेगळे असतात. शेवटी उरले १७१ ग्राहक. प्रत्येकासमोर चारच गोष्टी लिहिल्या: कुठल्या महिन्यात घेतलं, रिन्यू केलं का, दुसरा युजर किंवा बारकोड स्कॅनर घेतला का आणि पैसे कुणाकडून आले.

आता मुलाखती. इथे एक सापळा असतो. जो ग्राहक खूश असतो तोच फोन उचलतो आणि “या की मॅडम, चहाला” म्हणतो. अशा दहा जणांशी बोललात तर आपलं सॉफ्टवेअर उत्तम आहे एवढंच कळेल. म्हणून मी नावं यादीतूनच काढली. रिन्यू केलेले पाच, न केलेले पाच आणि उशिरा केलेले दोन. न केलेल्यांपैकी एकाचं दुकानच बंद झालं होतं, त्यामुळे मुलाखती अकरा झाल्या. सोडून गेलेल्यांना भेटायचं असेल तर पहिल्याच वाक्यात “विकायला आलेली नाही” हे सांगावं लागतं. तरी दोघांनी विश्वास ठेवला नाही आणि पहिली दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले.

प्रश्नांचंही तसंच. “मोबाईल ॲप असेल तर वापराल का?” असं विचारलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. समोरच्या पोरीचं मन कशाला मोडा! म्हणून ‘वापराल का’ हे शब्दच बंद केले. मी म्हणायचे, “काका, काल शेवटचं खत कुणाला दिलं? ते कसं लिहिलंत, जरा दाखवता का?” म्हणजे घडून गेलेली एक गोष्ट, तीही दाखवून. मग वही बाहेर येते, मशीन बाहेर येतं, कपाटावरची धूळ बसलेली आमच्या डोंगलची डबीसुद्धा बाहेर येते.

सांगलीकडच्या एका दुकानात मी जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, दोन तास काउंटरच्या आत बसले होते. अनुदानाचं खत द्यायचं तर सरकारी पॉस मशीनवर शेतकऱ्याची आधार वगैरे ओळख घेऊन नोंद करावीच लागते. २०१८ पासून देशभर तसंच आहे. ते झालं की उधारी वहीत, कारण पैसे बऱ्याचदा ऊसबिल आल्यावर मिळणार. आणि तिसरी नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. बाहेर पंधरा माणसं उभी. मी विचारलं, बिल लगेच का नाही करत? काका म्हणाले, “मशीनवर अंगठा घ्यायचा, वहीत लिहायचं, आन् परत तुमच्यात? गिऱ्हाईक थांबतंय व्हय?”

मग आमचं बिल कधी होतं? रात्री, शटर अर्धं ओढल्यावर. काकांच्या सूनबाई वही समोर ठेवून दिवसभराच्या साठ-सत्तर नोंदी टाकतात. आमचं सॉफ्टवेअर खरं वापरणारी व्यक्ती त्या होत्या. बिलावर नाव काकांचं, ट्रेनिंग दिलं काउंटरवरच्या मुलाला. त्यांच्याशी आमच्यापैकी कुणी कधी बोललंच नव्हतं.

अकरा मुलाखती झाल्यावर कागदावर तीन रेघा ओढल्या. नोंद कोण करतं, नोंद कधी होते आणि सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिल्यांदा काय बघतात. प्रत्येक रेघेवर अकरा जणांची जागा मांडली. वय, शिक्षण, गाव मुद्दाम बाजूला ठेवलं, कारण त्यावरूनच प्रशांत जन्माला आला होता. मांडल्यावर दिसलं की काही जण तिन्ही रेघांवर शेजारी-शेजारीच येतात. तीन दुकानं काउंटरवर लगेच बिल करणारी, आधी स्टॉक बघणारी. सहा जण रात्री वहीवरून नोंद करणारे, घरातलंच कुणीतरी, आणि आधी उधारी बघणारे. दोघांनी सीएच्या सांगण्यावरून घेतलेलं, महिन्यातून एकदा उघडायचं, जीएसटी रिपोर्ट काढून पाठवायचं, बस.

इथे थांबून “आमचे ५५ टक्के ग्राहक रात्री नोंद करतात” असं म्हणायचा मोह होतो. ते चूक आहे. अकरापैकी सहा हा टक्का नाही, कारण अकरा जण मीच निवडले होते. मुलाखत गट कुठले आणि ते का, हे सांगते. किती, ते नोंदींनाच विचारावं लागतं. म्हणून परत एक्सेलकडे गेले आणि प्रत्येक गटाची नोंदींत दिसेल अशी एक खूण शोधली.

काउंटरवाल्यांची खूण सोपी होती, दुसरा युजर किंवा स्कॅनर घेतलेला. अशी ३४ दुकानं, आणि त्यातली फक्त तीन सोडून गेली होती. सीएवाल्यांची खूण म्हणजे पैसे सीएच्या ऑफिसातून आलेले किंवा बिल तिकडे पाठवलेलं, अशी २८. रात्रवाल्यांची खूण सापडेना. ‘उरलेले सगळे रात्रवाले’ असं धरता आलं असतं, पण ते पुन्हा प्रशांतसारखंच झालं असतं.

खूण सापडली सपोर्टच्या फोनमध्ये. आमचा सपोर्ट साडेसहाला बंद व्हायचा. फोनमधली जून-जुलैची मिस्ड कॉलची यादी काढली आणि नंबर ग्राहकांशी जुळवले. संध्याकाळी सातनंतर फोन केलेली ६३ वेगवेगळी दुकानं निघाली. बरेचसे फोन आठ ते दहाच्या मधले. ते आम्ही कधी उचलले नव्हते, आणि सकाळी परत केलेही नव्हते. त्या ६३ मध्ये काउंटरवाली फक्त चार होती. आणि रिन्यू न केलेल्या ५९ पैकी ३१ दुकानं याच यादीत होती.

यादी बघून मला जरा गरगरलं. तरी एक शंका घ्यायलाच हवी होती. नवा ग्राहक जास्त फोन करतो आणि नवाच जास्त सोडून जातो, मग रात्रीचा संबंध नसेलही. म्हणून पहिल्या वर्षाचे ग्राहक काढून तीच मोजणी केली. आकडे लहान झाले, चित्र तेच राहिलं. सुमारे पन्नास दुकानं मात्र कुठल्याच गटात बसली नाहीत. पर्सोनाच्या कागदावर मी तेही लिहिलं. सरांना ते आवडलं नाही, पण ठेवलं.

नवा कागद एकाच पानाचा आहे. फोटो नाही, खऱ्या ग्राहकाचं नाव नाही, दुकान ओळखू येईल असं काही नाही. नाव ठेवलं ‘वहिनी’. रात्री साडेआठला बसतात, पाऊण तासात संपवायचं असतं, माऊसला हात लावायला आवडत नाही, शेतकऱ्याचं नाव वहीत जसं असतं तसं शोधतात. अडलं तर त्याच क्षणी उत्तर हवं, सकाळी त्या स्वयंपाकघरात असतात. प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते लिहिलंय, म्हणजे कितव्या मुलाखतीतून किंवा कुठल्या नोंदीतून. ज्या ओळीपुढे काही लिहिता आलं नाही ती खोडली. प्रशांतच्या कागदाला हीच परीक्षा लावली, तर ‘वय २८’ सकट सगळंच खोडावं लागलं.

कूपरच्या पद्धतीत एका स्क्रीनसाठी एकच मुख्य पर्सोना धरतात. आम्ही वहिनींना धरलं. ॲप बाजूला ठेवलं (हो, माझे पाच महिने). फक्त कीबोर्डवर चालणारी, एकामागून एक नोंदी घेणारी स्क्रीन केली आणि खरिपात सपोर्ट रात्री साडेनऊपर्यंत नेला. सीएवाल्यांसाठी एक रिपोर्टचं बटण दिलं, त्यापलीकडे काही नाही.

एक भोक अजून तसंच आहे. विक्रीच्या नोंदीत फक्त विकत घेतलेले लोक असतात. डेमो बघून “कळवतो” म्हणणारे त्यात नाहीतच, आणि ते कदाचित चौथाच गट असतील. त्यांचे नंबर आमच्या सेल्सवाल्या दादाच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत, काही ‘खतवाला २’ अशा नावांनी सेव्ह केलेले. या आठवड्यात त्याच्याबरोबर बसून ती यादी काढायची आहे. काय निघतं ते पुढच्या भागात सांगते.