एक लॅपटॉप, दोन चार्जर आणि एक ‘इज’

नोकरी सोडताना कंपनीच्या वस्तू परत केल्या, की त्याचा मेल जातो. समजा, त्यात लिहिलंय: ‘देअर इज अ लॅपटॉप, टू चार्जर्स अँड वन ॲक्सेस कार्ड इन द बॅग.’ वस्तू चार, क्रियापद मात्र एकवचनी. पाठवणाऱ्याला ते खटकत नाही आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही नाही.

असं का होतं? या वाक्यात ‘देअर’ हा नुसता जागा अडवून बसलेला शब्द असतो. खरा कर्ता क्रियापदानंतर येतो, म्हणजे यादी सुरू होण्याआधीच तिचं वचन ठरवावं लागतं. समोर पहिली वस्तू दिसते, ‘अ लॅपटॉप’, आणि हात ‘इज’ टाइप करून मोकळा होतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, पण शेजाऱ्याचा प्रभाव तिथेही असतोच. ‘बॅगेत दोन चार्जर आणि एक कार्ड आहे’ हे आपण सहज बोलतो. क्रम उलटला, की ‘एक कार्ड आणि दोन चार्जर आहेत’. आपलं क्रियापद यादीतल्या शेवटच्या वस्तूकडे पाहतं, इंग्रजीतलं पहिल्या.

शाळेत शिकवलेला नियम सरळ आहे: ‘अँड’ने जोडलेले कर्ते अनेकवचनी, म्हणून ‘आर’. पडताळायचं असेल, तर ‘देअर’ काढून यादी पुढे आणावी. ‘अ लॅपटॉप अँड टू चार्जर्स आर इन द बॅग’ म्हणताना ‘इज’ तोंडात येतच नाही.

तरीही ‘देअर आर अ लॅपटॉप अँड अ चार्जर’ हे नियमात बसूनही कानाला टोचतं, कारण ‘आर’ला लागून लगेच एकवचनी ‘अ’ येतो. म्हणूनच पहिली वस्तू एकवचनी असेल, तर इंग्रजी मातृभाषा असलेले सुशिक्षित लोकही सर्रास ‘इज’ वापरतात आणि वापरावरचे अनेक संदर्भग्रंथ ते चालवून घेतात. कडक संपादक मात्र खूण करतो.

‘अलाँग विथ’ने गणित बदलतं. ‘देअर इज अ लॅपटॉप, अलाँग विथ टू चार्जर्स’ हे निर्दोष आहे, कारण इथे कर्ता एकटा लॅपटॉप. चार्जर नुसते सोबतीला आलेले. ‘देअर इज अ लिस्ट ऑफ फाइव्ह आयटम्स’मध्येही कर्ता ‘लिस्ट’ आहे, पाच वस्तू नव्हेत.

मेल दुरुस्त करतानाही अशा चुका होतात. आधी एकच वस्तू लिहिलेली असते, मग आठवेल तसं पुढे स्वल्पविराम देऊन भर पडत जाते, पण मागच्या ‘इज’कडे कुणी वळून पाहत नाही.

वरच्या मेलमध्ये चार्जर पुढे आणले तरी काम भागतं: ‘देअर आर टू चार्जर्स, अ लॅपटॉप अँड वन ॲक्सेस कार्ड इन द बॅग.’ यादी लांब असेल, तर आधी आकडा द्यावा, ‘देअर आर फोर आयटम्स इन द बॅग’, मग अपूर्णविराम, आणि खाली एकेका ओळीत एकेक वस्तू. मोजून घेणाऱ्यालाही मग खूण करत जाता येतं.