मंजुरीपत्राच्या पाच ओळी

आज आपण एकच काम करणार आहोत. बँकेकडून गृहकर्जाचं मंजुरीपत्र हातात आलंय, सहा-सात पानं आहेत, बारीक अक्षर आहे, आणि घरात याआधी कुणी कर्ज काढलेलं नाही. हे पत्र पाच ओळींत कसं आणायचं, ते बघू. व्याजदर, मुदत, हप्ता, शुल्क आणि मुदतीआधी फेडण्याची अट, अशा त्या पाच ओळी.

पाच आकडे वहीत उतरवणं कुणालाही जमतं. अडचण अशी की या पाचपैकी काही आकडे पक्के असतात आणि काही अटींवर टांगलेले असतात. सारांश करताना आपण आकडा घेतो आणि अट पत्रातच राहते. म्हणून आम्ही वर्गात एक सवय लावतो: प्रत्येक ओळीत आकड्याशेजारी लिहायचं, ‘हा कशावर अवलंबून आहे आणि कधी बदलेल?’ एवढं लिहिलं नाही, तर सारांश छोटा होतो पण खोटा होतो.

उदाहरणासाठी एक पत्र घेऊ. नोकरी करणाऱ्या एका जोडप्याने बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. अर्ज केला २५ लाखांचा. पत्राच्या पहिल्या पानावर लिहिलंय: मंजूर रक्कम २५,७५,०००, व्याजदर ८.५० टक्के बदलता, मुदत २४० महिने, मासिक हप्ता २२,३४६.

काही खटकलं का? अर्ज २५ लाखांचा आणि मंजुरी पाऊण लाख जास्त. हे पाऊण लाख काय आहे ते तिसऱ्या पानावर सापडतं: ‘कर्जसंरक्षण विम्याचा एकरकमी हप्ता, कर्जात समाविष्ट’. त्याकडे आपण परत येणारच आहोत. आधी व्याजदर.

पहिली ओळ: व्याजदर

‘८.५०’ एवढंच लिहू नका. पत्रात हा दर दोन तुकड्यांत दिलेला असतो. आपल्या पत्रात रेपो दर ५.५० आणि त्यावर बँकेचा स्प्रेड ३.०० आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं अशा बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. रेपो दर रिझर्व्ह बँक ठरवते, तो तुमच्या हातात नाही आणि तुमच्या बँकेच्याही नाही. स्प्रेड मात्र बँकेचा. म्हणून दोन बँकांची तुलना करायची असेल तर स्प्रेडची करा. आजचा एकूण दर सारखा दिसला तरी पुढची वीस वर्षं तुमच्यासोबत राहणार आहे तो स्प्रेड.

याच ओळीत आणखी दोन गोष्टी लिहायच्या. एक, दर किती महिन्यांनी नव्याने ठरतो. तीन महिन्यांतून एकदा तरी ते व्हायला हवं, असा नियम आहे. दुसरी, कोणत्या दिवसाचा दर लागू होणार. बऱ्याच पत्रांत ‘वितरणाच्या तारखेस लागू असलेला दर’ असं वाक्य असतं. म्हणजे आज वाचलेला ८.५० हा आजचा दर झाला. पैसे दोन महिन्यांनी उचलले तर त्या दिवशीचा दर लागेल.

दुसरी ओळ: मुदत

२४० महिने म्हणजे वीस वर्षं. हे कधीपासून मोजायचे? आपला फ्लॅट अजून तयार नाही, त्यामुळे बँक पैसे टप्प्याटप्प्याने देणार. पूर्ण रक्कम दिली जाईपर्यंत या पत्राप्रमाणे फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज भरायचं आहे. समजा पहिल्या टप्प्यात १० लाख दिले, तर महिन्याला साधारण ७,०८३ रुपये व्याज. हे भरून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. २४० हप्ते त्यानंतर सुरू होतात. बिल्डरने ताबा दीड वर्ष लांबवला, तर घरभाडं आणि हे व्याज दोन्ही चालू राहतं. म्हणून ओळीत लिहा: ‘२४० हप्ते, पूर्ण वितरणानंतर, तोवर फक्त व्याज’.

मुदत आणखी एका कारणाने बदलते, आणि ते कारण तिसऱ्या ओळीत आहे.

तिसरी ओळ: हप्ता

दर वाढला की काय होतं? पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला वाटतं, हप्ता वाढेल. पुष्कळ बँकांत हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते. खात्यातून तेवढेच पैसे जातात, त्यामुळे लक्षातही येत नाही. आपल्या उदाहरणात सुरुवातीलाच दर ८.५० वरून ९ टक्क्यांवर गेला आणि हप्ता तसाच ठेवला, तर २४० ऐवजी २६८ हप्ते भरावे लागतील. अर्ध्या टक्क्याने दोन वर्षांहून जास्त काळ वाढला. मुदत वाढू द्यायची नसेल, तर हप्ता २२,३४६ वरून सुमारे २३,१६८ करावा लागेल, म्हणजे महिन्याला ८२२ रुपये जास्त.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे की दर नव्याने ठरवताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराला द्यायला हवी. पण निवड करायला आपण विचारलं पाहिजे. तेव्हा ओळीत लिहा: ‘दर वाढल्यास काय बदलेल: मुदत / हप्ता?’ आणि शाखेतून उत्तर लेखी घ्या.

आता ते पाऊण लाख. विमा कर्जात घातला म्हणून हप्ता २२,३४६ झाला. फक्त २५ लाखांवर तो २१,६९६ असता. फरक महिन्याला ६५० रुपये. छोटा वाटतो, म्हणून तर तो चालून जातो. पण २४० महिन्यांत तो १,५६,००० होतो. पाऊण लाखाच्या विम्याला आपण दुपटीहून जास्त मोजतोय, कारण त्या हप्त्यावर वीस वर्षं गृहकर्जाचं व्याज चाललंय.

विमा नकोच, असं आम्ही म्हणत नाही. कमावणाऱ्या माणसाच्या मागे कर्ज असेल तर त्याच्यासाठी मुदतीचा विमा असणं शहाणपणाचं आहे. पण बँकेने सुचवलेल्याच कंपनीचा विमा घ्या, तरच कर्ज, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. वेगळा विमा घेऊन त्याचा हप्ता दरवर्षी खिशातून भरता येतो. आमच्या उदाहरणातलं जोडपं तेच करतं असं धरू. शाखेत लेखी कळवतात आणि दुरुस्त मंजुरीपत्र मागतात. इथून पुढे रक्कम २५ लाख आणि हप्ता २१,६९६.

चौथी ओळ: शुल्क

शुल्कं पत्रात एका जागी नसतात. प्रक्रिया शुल्क दुसऱ्या पानावर, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी चौथ्या पानावर, हप्ता चुकला तर काय, ते शेवटी. शोधताना तीन गट करा. पहिला, आत्ता बँकेला द्यायचं. आपल्या पत्रात प्रक्रिया शुल्क ०.३५ टक्के, म्हणजे ८,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १०,३२५. वकील आणि मूल्यांकन मिळून करासह ७,०८०. दुसरा गट, सरकारला द्यायचं: गहाणखताशी संबंधित मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. तिसरा, चूक झाली तरच द्यायचं: हप्ता परत गेल्याचा आणि उशिराचा आकार. पहिल्या गटासमोर एक प्रश्न लिहा, ‘कर्ज घेतलं नाही तर परत मिळेल का?’ प्रक्रिया शुल्क सहसा परत मिळत नाही. म्हणून दोन बँकांत अर्ज करून पुढे ठरवू, हे फुकट नसतं.

पडताळणीला एक सोपं साधन आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या गृहकर्जासोबत बँकेने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा तक्ता द्यायचा असतो, तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात शुल्कं धरून निघणारा वार्षिक खर्चाचा दर असतो. तो ८.५० पेक्षा थोडा जास्त असणारच. बराच जास्त दिसला, तर कुठलं तरी शुल्क किंवा विमा आपल्या नजरेतून सुटलाय. या तक्त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला नंतर लावता येत नाही. तेव्हा आपली चौथी ओळ या तक्त्याशी जुळवून बघा.

पाचवी ओळ: मुदतीआधी परतफेड

व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी बदलत्या दराने घेतलेल्या कर्जावर बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. पैसे बोनसचे असोत की दुसऱ्या बँकेतून आणलेले. पण पत्रात ‘पहिली तीन वर्षं स्थिर दर’ असं असेल तर जपून. त्या स्थिर काळात आकार लागू शकतो. म्हणून ‘शून्य’ लिहिण्याआधी दराची पहिली ओळ परत वाचा.

इथेही आकड्यापेक्षा पुढचा प्रश्न मोठा आहे. एक वर्षाचे बारा हप्ते भरले आणि १ लाख जास्तीचे भरले, तर बँक काय कमी करणार? हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर उरलेल्या २२८ हप्त्यांचे सुमारे २०७ होतात आणि साडेतीन लाखांहून जास्त व्याज वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर महिन्याला सुमारे ८८५ रुपये हलके होतात आणि वाचणारं व्याज साधारण एक लाख. महिन्याची ओढाताण असेल तर दुसरा पर्याय बरोबर ठरतो. पण निवड आपली असावी, म्हणून पैसे भरताना ‘मुदत कमी करा’ किंवा ‘हप्ता कमी करा’ हे अर्जावर लिहून द्यायचं.

आता वहीत काय उरलं, ते वाचून दाखवतो.

१. दर ८.५०: रेपो ५.५० अधिक स्प्रेड ३.००, तीन महिन्यांनी बदलू शकतो, वितरणाच्या दिवशीचा लागू.
२. मुदत २४० हप्ते, पूर्ण वितरणानंतर. तोवर दिलेल्या रकमेवर फक्त व्याज.
३. हप्ता २१,६९६, विमा काढून. दर वाढल्यास मुदत की हप्ता, लेखी विचारायचं.
४. शुल्क: बँकेला १७,४०५, परत न मिळणारं, सरकारी शुल्क वेगळं, उशिराचा आकार तक्त्यातून उतरवायचा.
५. मुदतपूर्व परतफेड: दंड नाही, दर बदलता असेपर्यंत, जास्तीचे पैसे भरताना मुदत कमी करायला सांगायचं.

हा कागद घेऊन शाखेत जा आणि अधिकाऱ्यांना म्हणा, ‘साहेब, यात काही चुकलंय का बघा.’ ते जिथे पेन लावतील, तिथलं कलम सही करण्याआधी पुन्हा वाचा.