विश्लेषण : फ्रेमरेट दाखवणारे आकडेच गेम अडखळवतात का?

जयसिंगपूर : उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापला की गेम अडखळायला लागतो. अनेक जण अशा वेळी कारण शोधण्यासाठी स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान, वेग, फ्रेमरेट असे आकडे दाखवणारे ओव्हरले सुरू करतात. पण काही वेळा ते सुरू केल्यावर अडखळणे कमी होण्याऐवजी वाढते. आकडे दाखवणाऱ्या सोयीनेच गेम का बिघडतो आणि ते ओळखायचे कसे, याविषयी...

ओव्हरले काम कसे करते?

विंडोजवर सर्वाधिक वापरली जाणारी जोडी म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर. यात दोन वेगवेगळी कामे चालतात. आफ्टरबर्नर ठरावीक वेळाने ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसरला विचारते, ‘तापमान किती, वेग किती?’ रिव्हाट्यूनर गेमच्या आत शिरून प्रत्येक फ्रेम पडद्यावर जाण्याआधी त्यावर ते आकडे रंगवते. पहिले काम सेकंदाला साधारण एकदा होते, तर दुसरे सेकंदाला ६० किंवा १४४ वेळा. त्रास बहुतेक वेळा पहिल्या कामातून होतो, दोष मात्र दुसऱ्याला दिला जातो.

सेन्सर वाचण्याने गेम का थांबतो?

सगळे सेन्सर सारखे नसतात. फ्रेमरेट आणि एक फ्रेम तयार व्हायला लागलेला वेळ हे आकडे रिव्हाट्यूनरला आयतेच मिळतात, कारण प्रत्येक फ्रेम त्याच्या हाताखालूनच जाते. रॅमचा वापर विंडोज सहज सांगते. पण काही आकड्यांसाठी ड्रायव्हरमधून थेट हार्डवेअरपर्यंत जावे लागते आणि उत्तर येईपर्यंत बाकीचे काम खोळंबू शकते. काही एनव्हिडिया कार्डांवर वीजवापराचा सेन्सर, लॅपटॉपमध्ये पंखे व बॅटरी सांभाळणारी एम्बेडेड कंट्रोलर चिप आणि डिस्कचे आरोग्य सांगणारी स्मार्ट माहिती यांच्यामुळे असे झटके येत असल्याचे अनुभव आहेत. प्रत्येक मशीनवर हे होतेच असे नाही. म्हणूनच दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलण्यापेक्षा आपल्या मशीनवर तपासणे महत्त्वाचे ठरते.

सरासरी फ्रेमरेट पाहून हे कळत नाही का?

नाही. समजा, एखाद्या मशीनवर गेम १०० फ्रेमरेटने चालतो, म्हणजे एका फ्रेमला १० मिलिसेकंद लागतात. आता सेन्सर वाचताना दर सेकंदाला एक फ्रेम ४० मिलिसेकंद अडकली. उरलेल्या ९६० मिलिसेकंदांत ९६ फ्रेम होतात, म्हणजे एकूण ९७. सरासरी फक्त तीनने घसरली, ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. डोळ्यांना मात्र दर सेकंदाला एक हिसका जाणवतो.

याच कारणासाठी ‘१ टक्का लो’ हा आकडा पाहतात. त्याच्या मोजणीच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, पण सर्वांत संथ एक टक्का फ्रेमची सरासरी घेतली तर या उदाहरणात तो आकडा २५ च्या आसपास येईल. ९७ आणि २५ यांतली दरी पाहिली की गेम का बोचतो ते समजते.

दोष सेन्सरचाच, हे ओळखायचे कसे?

यासाठी एक सोपी कसोटी आहे. ओव्हरलेमध्ये ‘फ्रेमटाइम’चा आलेख लावावा आणि गेममध्ये एका जागी शांत उभे राहावे. आलेखात ठरावीक अंतराने सुळके दिसले तर ते अंतर मोजावे. आफ्टरबर्नरमध्ये `Hardware polling period` मूळ १००० मिलिसेकंद असतो. तो २००० करावा. सुळके आता दर दोन सेकंदांनी आले तर दोष सेन्सर वाचण्यातच आहे. अंतर बदलले नाही किंवा सुळके अनियमित असतील तर कारण दुसरीकडे शोधावे. नवा भाग लोड होणे, ग्राफिक्स मेमरी भरणे किंवा तापल्यामुळे घड्याळ-वेग कमी होणे, यांपैकी काहीही असू शकते.

दोष सेन्सरचा ठरला की निम्मे सेन्सर बंद करावेत. सुळके गेले तर दोषी त्या निम्म्यात आहे; राहिले तर उरलेल्यांत. असे निम्मे-निम्मे करत गेल्यास वीस सेन्सरमधला एक दोषी चार-पाच फेऱ्यांत सापडतो.

सेन्सर बंद केला, तरी झटके का राहतात?

इथेच बहुतेकांची फसगत होते. `Show in On-Screen Display` वरची खूण काढली की आकडा पडद्यावरून जातो, पण वाचन मागे सुरूच राहते. वाचन थांबवायचे तर मॉनिटरिंगच्या यादीत त्या सेन्सरच्या डावीकडची खूणच काढावी लागते. एचडब्ल्यूइन्फोमध्येही तसेच आहे. तिथे ओळ लपवणे वेगळे आणि `Disable Monitoring` वेगळे. शिवाय ही दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असली तर तेच हार्डवेअर दोघे विचारत राहतात. त्यामुळे एकच ठेवणे बरे.

मग कोणते आकडे ठेवावेत?

ज्या आकड्यावरून काही निर्णय घेता येतो, तोच ठेवावा. फ्रेमरेट, फ्रेमटाइमचा आलेख, ग्राफिक्स कार्डचा वापर, त्याचे तापमान व घड्याळ-वेग, प्रोसेसरचे तापमान आणि ग्राफिक्स मेमरी इतके पुरतात. ग्राफिक्स कार्डचा वापर ९७-९९ टक्के असेल तर गेमची सेटिंग्ज उतरवल्याने फरक पडेल. तो ६० टक्क्यांवर असून फ्रेमरेट वाढत नसेल आणि फ्रेमरेटवर मर्यादाही घातलेली नसेल, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतो आहे. अशा वेळी प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के दिसला तरी फसू नये, कारण त्याचा एकच कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. तापमान चढत असताना घड्याळ-वेग उतरत असेल तर दोष उष्णतेचा.

मांडणी कशी असावी?

आकडे सेकंदाला एकदा बदलत असले तरी ते प्रत्येक फ्रेमवर नव्याने रंगवले जातात. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हा भार जाणवत नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपवर मात्र सहा-सात आलेख लावले तर जाणवू शकतो. म्हणून आलेख एकच, फ्रेमटाइमचा. बाकी साधे आकडे, गेमचा नकाशा नसेल त्या कोपऱ्यात.

लिनक्सवर मँगोहड वापरणाऱ्यांना `~/.config/MangoHud/MangoHud.conf` या फाइलमध्ये एवढे पुरेसे आहे :

```
fps
frame_timing
gpu_stats
gpu_temp
gpu_core_clock
cpu_stats
cpu_temp
vram
position=top-left
fps_sampling_period=1000
```

शेवटची पडताळणी कशी करावी?

ओव्हरले बंद असताना मोजायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी इंटेलचे प्रेझेंटमॉन उपयोगी पडते. ते गेमवर काही न रंगवता विंडोजच्याच नोंदींमधून फ्रेमचा वेळ टिपते. एकच दृश्य ओव्हरलेशिवाय तीनदा आणि ओव्हरलेसह तीनदा चालवावे. ओव्हरले नसतानाच्या तीन फेऱ्यांतही आकडे थोडे मागे-पुढे होतातच. ओव्हरलेमुळे पडलेला फरक त्याहून मोठा असेल, तरच तो खरा मानावा. आणि ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये ओव्हरले लावण्याआधी त्या गेमची चीटिंगविरोधी यंत्रणा त्याला परवानगी देते का, हे पाहून घ्यावे.