अठरा हजारांचे क्रेडिट कुठे अडकते?

भोसरीत स्टीलची कपाटे बनवणारा एक छोटा कारखानदार आहे, असे समजू. मे महिन्यात त्याने घाऊक व्यापाऱ्याकडून एक लाखाचा पत्रा घेतला. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल झाले १,१८,००० रुपये. त्याच महिन्यात त्या पत्र्याची कपाटे त्याने फर्निचरच्या दुकानदाराला दीड लाखाला विकली आणि १८ टक्क्यांनी २७,००० रुपये कर बिलात लावला. आता सरकारकडे त्याने भरायचे किती? फक्त ९,०००. पत्रा घेताना मोजलेला १८,००० रुपयांचा कर त्यातून वजा होतो. हेच इनपुट टॅक्स क्रेडिट.

पुढे दुकानदार तीच कपाटे १,८०,००० रुपयांना विकतो आणि गिऱ्हाइकांकडून ३२,४०० रुपये कर घेतो. त्याने आधी मोजलेले २७,००० वजा जाता तो ५,४०० भरतो. पत्र्यापर्यंतच्या टप्प्यांत सरकारला मिळालेले १८,०००, कारखानदाराचे ९,००० आणि दुकानदाराचे ५,४०० यांची बेरीज नेमकी ३२,४०० होते. सगळा कर शेवटच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून आला, पण तो हप्त्याहप्त्याने, प्रत्येक टप्प्यावर किमतीत जेवढी भर पडली तेवढ्यावरच गोळा झाला.

वजावट नसती तर काय झाले असते? कारखानदाराला पत्रा १,१८,००० रुपयांना पडला असता. त्यावर आपले पन्नास हजार धरून, वर १८ टक्के लावून त्याने माल १,९८,२४० रुपयांना विकला असता. दुकानदाराने आपले तीस हजार आणि पुन्हा १८ टक्के लावले की गिऱ्हाइकाला मोजावे लागले असते सुमारे २,६९,३००. वजावटीमुळे तोच माल २,१२,४०० रुपयांत मिळतो. मधला फरक म्हणजे त्याच किमतीवर पुन्हा पुन्हा आणि करावरही बसलेला कर.

हा गुंता सोडवण्यासाठी फ्रान्समध्ये मॉरिस लोरे या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९५४मध्ये मूल्यवर्धित कर आला. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ रोजी लागू झाला, तरी कारखान्यातल्या मालावरची केंद्राची एक्साइज वेगळीच राहिली आणि एक्साइज धरून झालेल्या किमतीवर व्हॅट लागत असे. एक्साइजची वजावट व्हॅटमधून मिळत नसे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर ही साखळी जोडली गेली.

मात्र हातात बिल आहे म्हणून क्रेडिट मिळेलच, असे नाही. पत्रा विकणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत ते बिल आपल्या जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये दाखवावे लागते. १४ तारखेला पोर्टलवर कारखानदाराचे जीएसटीआर-२बी तयार होते. कोणकोणत्या खरेदीचे क्रेडिट घेता येईल, याची ही यादी. त्यानंतर २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर चुकता करायचा.

आता समजा, घाऊक व्यापाऱ्याकडून रिटर्न राहून गेले, किंवा त्याने कारखानदाराचा पंधरा अक्षरी जीएसटीआयएन टाकताना एक आकडा चुकवला. १४ जूनला २बी उघडले तर पत्र्याचे बिल त्यात नाही. २० जूनला कारखानदाराला पूर्ण २७,००० रुपये रोख भरावे लागतात. व्यापाऱ्याला मोजलेले १८,००० तर आधीच गेलेले आहेत. दुकानदाराने उधारीवर माल नेला असेल, तर हे पैसे उभे करायला ओव्हरड्राफ्टच काढावा लागतो.

व्यापाऱ्याने पुढच्या रिटर्नमध्ये चूक दुरुस्त केली की जुलैच्या २बीमध्ये बिल दिसते आणि तेव्हा वजावट घेता येते. पण ही वाट अमर्याद पाहता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारी ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरले असेल तर ती तारीख, उलटली की हक्क संपतो.

बंधन खरेदीदारावरही आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने पत्र्याचे पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आणि धंद्यातल्या प्रत्येक खर्चावर क्रेडिट मिळतेच असे नाही. मालकाने फिरण्यासाठी घेतलेल्या मोटारीवरचा कर वजा होत नाही.

व्यापाऱ्याने बिल कधीच दाखवले नाही, तर ते १८,००० रुपये कारखानदाराचा खर्च होऊन बसतात. पत्रा आणि कपाट यांच्या किमतीत त्याच्या हाती पन्नास हजारांचेच अंतर होते, त्यातूनच कामगारांची मजुरी, रंग आणि विजेचे बिल भागवायचे. म्हणून सावध खरेदीदार मोठी ऑर्डर देण्यापूर्वी पोर्टलवर पुरवठादाराचा जीएसटीआयएन टाकून त्याची मागची रिटर्न वेळेवर भरली गेली आहेत का ते पाहतात. काही जण तर मालाची किंमत लगेच देतात आणि कराची रक्कम बिल २बीमध्ये दिसल्यावरच सोडतात.